मोड आलेले मूग: कच्चे की शिजवून? तुमचे अनुभव

रोवळी_गुहागर: काल सुनेने मोड आलेल्या मुगांवर लिंबू पिळून वाटी पुढे केली आणि आई आठवली. भिजलेले मूग रोवळीत, वर ओला पंचा, रात्रभर चुलीच्या उबेला. सकाळी मात्र ओलं खोबरं घालून उसळच व्हायची, कच्चे कोणी खात नसे. सुनेला सातवा महिना आहे, ती रोज कच्चेच खाते. तुमच्याकडे काय करतात?

माडाखालचा: आमच्याकडे पण उसळच. लिंबू-मीठ लावलं की जंतू मरतात पण, काळजी नको.

सुमा_दापोली: नाही हो माडाखालचा, लिंबाने मरत नाहीत. मी अन्नतपासणीच्या लॅबमध्ये होते. जंतू बहुतेक वेळा दाण्यासोबतच येतात, शेतातून, गोदामातून, आणि सालीच्या बारीक भेगांत बसतात. तिथे पाणी पोचवून धुता येत नाही. सुरुवातीला मोजकेच असतात. पण मोड यायला जी ऊब नि ओल लागते तीच त्यांना हवी असते, दीड दिवसात अफाट वाढतात. वास चांगला, मोड पांढरे, तरी आत साल्मोनेला असू शकतो. फ्रीजमध्ये वाढ मंदावते, मरत नाहीत. २०११ साली जर्मनीत मेथीच्या मोडांतून ई. कोलायची साथ आली, पन्नासहून जास्त माणसं दगावली. सुनेला शिजवूनच द्या.

पेज_लोणचं: माझे मसूर आठवडाभर भिजवून पण मोड येईनात!! काय चुकतंय?

माडाखालचा: डाळ भिजवलीस का? अख्खे घे 😄

पेज_लोणचं: अगं बाई, डाळच आहे ती 🙈

खाडीकाठ: भावोजींची केमो चालू होती, तेव्हा डॉक्टरांनी कच्चे मोड बंद सांगितले. बहीण म्हणे फोडणीत परतले की झालं ना?

सुमा_दापोली: नुसतं परतून नाही. दाणा आतपर्यंत वाफाळता गरम व्हायला हवा, झाकण ठेवून मऊ होईस्तोवर उकळा. गरोदर बायका, पाचाखालची मुलं, म्हातारी माणसं, केमो किंवा स्टेरॉईडवाले, सगळ्यांना असंच. आणि उसळ रात्रभर ओट्यावर ठेवू नका, काही जंतूंचे बीजाणू उकळूनही टिकतात.

खाडीकाठ: मग जिमवाल्या पोराचं काय? तो धडधाकट आहे.

सुमा_दापोली: धोका त्यालाही आहे, पण बहुधा जुलाबावर निभावतं. त्याचं त्याने ठरवावं. मी स्वतः कच्चे खात नाही.

बांबर्डेकर: पावसात पंचा सुकत नाय, मोडांक बुळबुळीत तार सुटता. त्ये टाकून देवक व्हये की धुवून चलतत?

रोवळी_गुहागर: टाकाच. गायीला पण देऊ नका. आणि पेरायचं औषध लावलेलं बियाणं भिजवू नका, ते गुलाबी दिसतं. आमच्या शेजारच्यांनी तेच घेतलं होतं, वेळेत कळलं.

माडाखालचा: सुमाताई, वालाच्या बिरड्याचं पण हेच का? उद्या श्रावणी सोमवार, वाल भिजत घातलेत.

पेज_लोणचं: बिरडं कच्चं कोण खातं रे!