अनुभव धागा: सात मिनिटांत न मावणारं भाषण

मुक्ता: वक्तृत्व स्पर्धेसाठीचा मसुदा वेळेपेक्षा लांबला तर तुम्ही आधी काय काढता? खरं काढलेलं सांगा.

जुनी शिक्षिका: शाळेत बसवलेल्या एका भाषणाचं सांगते. विषय होता 'प्लेग आणि सावित्रीबाई', वेळ सात मिनिटं. मुलीने मोठ्याने म्हटलं तर साडेनऊ मिनिटं लागत होती, शब्द साधारण १०५०. म्हणजे तिचा वेग मिनिटाला ११० शब्द. थांबे आणि टाळ्या धरून साडेसहात बसवायचं, तर सातशेच्या आसपासच उरायला हवेत.

सुटे शब्द खुडत बसलो नाही. प्रत्येक परिच्छेदासमोर तो काय सांगतो ते एका ओळीत लिहिलं. शेणमाऱ्याचा प्रसंग तीनदा आला होता, त्यातला एकदा 'आधी सांगितल्याप्रमाणे' म्हणत. 'त्या डगमगल्या नाहीत' हेही निरनिराळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा. एवढ्यानेच दोनशेच्या आसपास शब्द कमी झाले. मग १८४८ ची भिडेवाड्यातली शाळा. प्रसंग सुंदर, पण पुढचं एकही वाक्य त्याच्या आधारावर उभं नव्हतं. तो एका वाक्यावर आणला. यशवंतला दत्तक घेतल्याची हकीकत मात्र मुलीला काढायची होती, ती मी ठेवायला लावली. डॉक्टर झालेल्या याच यशवंतने १८९७ च्या प्लेगात पुण्याबाहेर दवाखाना काढला, आणि मुंढव्याच्या आजारी मुलाला पाठीवर घेऊन सावित्रीबाई तिथेच आल्या. यशवंत आधी भेटलाच नाही, तर शेवट ऐकणाऱ्याला लागत नाही.

घड्याळजी: एवढं कशाला? मिनिटाला १३० शब्द धरा आणि ९१० वर थांबा. मी मनात वाचून वेळ लावतो.

जुनी शिक्षिका: शब्द मोजणं ठीकच. पण मनातलं वाचन पुढे पळतं. उभं राहून मोठ्याने म्हणा, तुमचा स्वतःचा वेग काढा. त्या मुलीने ९१० शब्द घेतले असते तर सव्वाआठ मिनिटं झाली असती.

पुणेकर: टोस्टमास्टर्सच्या स्पर्धेत साधारण ५ ते ७ मिनिटं असतात, साडेसात ओलांडली की बाद. हशा पिकला तरी घड्याळ चालूच राहतं. म्हणून विनोदामागे मी मोकळी जागा धरतो. पण लोकांना हमखास हसवणारी आडकथा काढायची की नाही, हे मला अजून नीट ठरवता येत नाही.

आप्पा: आमच्या गणेशोत्सवात पाहुणे अर्धा तास बोलतात. त्यांना कसं थांबवायचं?

मुक्ता: आप्पा, तो संयोजकांचा प्रश्न झाला, इथे लिहिणाऱ्याचा चाललाय. शिक्षिका, 'सन्माननीय व्यासपीठ, परीक्षक...' ही नावांची यादी तुम्ही ठेवता?

जुनी शिक्षिका: एका वाक्यात.

पुणेकर: मी तर काढूनच टाकतो.

आप्पा: आमच्याकडे नाव राहिलं की पाहुणे रुसतात हो.