कटआउट धरा, मान वळवायची तेवढी हाताने काढा

> "दोघंच आहोत, पैसे जवळजवळ नाहीत. दोन मिनिटांची फिल्म : लक्ष्मी रोडवर अडकलेले रिक्षावाले काका आणि मागे बसलेली आजी. फ्रेम-बाय-फ्रेम, कटआउट की रिग?"

फ्रेम-बाय-फ्रेममध्ये प्रत्येक चित्र नव्याने काढावं लागतं. सेकंदाला २४ फ्रेम आणि एक चित्र दोन फ्रेम टिकवलं, तरी दोन मिनिटांची १,४४० चित्रं होतात, तीही एकाच पात्राची. दिवसाला ४० निघाली तर ३६ दिवस गेले, रंग अजून बाकीच.

तुमची दोन्ही पात्रं बसूनच आहेत, त्यामुळे कटआउट, म्हणजे पात्राचे सुटे तुकडे सांध्यांवर फिरवणं, पुरेल. पात्राच्या आत हलवता येणारी हाडं घालून पूर्ण रिग, म्हणजे सांगाडा, बांधण्यात जाणारे दिवस तेच पात्र बऱ्याच शॉटमध्ये चालणार असेल तरच वसूल होतात.

कटआउट फसतं ते कोपरात. दंडाचं खालचं टोक आणि पुढच्या हाताचं वरचं टोक सारख्याच व्यासाचं गोल काढा, दोन्ही गोल एकमेकांवर बरोबर बसवा आणि पिव्हट, म्हणजे तुकडा ज्याभोवती फिरतो तो बिंदू, त्यांच्या केंद्रात ठेवा. सांध्यावर येणारी बाह्यरेषा पुसून टाका. मग हात ९० अंशात वाकवून बघा : कोपराबाहेर खाच पडली तर पिव्हट सरकलाय. हे रंगवण्याआधीच तपासा, नंतर फार जीव जातो.

काका मागे वळून आजीशी बोलतात तिथे मात्र तुकडे फिरवून चालत नाही, चेहरा चपटा दिसतो. तेवढा अर्धा सेकंद फ्रेम-बाय-फ्रेम करा, सहाच चित्रं लागतात. ती कटआउटच्याच मापात आणि त्याच ब्रशने काढा. नंतर लहानमोठी केलीत तर रेषेची जाडी बदलते आणि जोड लगेच कळतो.