‘सिल्वर मेडलिस्ट’ उमेदवाराला मराठीत काय म्हणायचं?

लोटे_एचआर
लोटे परशुराम एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत भरतीचं काम बघते. गणपतीच्या आधी सिनियर क्यूसी केमिस्टची जागा भरली, शेवटी दोघंच उरलेले. एकाला घेतलं. दुसरी मुलगी गुहागरकडची, सध्या महाडला नोकरीला, एचपीएलसी या तपासणीच्या मशीनवर हात एकदम चांगला पण पॅनेलला ऑडिटची कागदपत्रं सांभाळलेला माणूस हवा होता म्हणून ती राहिली. आता शिफ्टमध्ये केमिस्टची जागा निघालीय आणि नवीन जाहिरात टाकण्याआधी मला तिलाच विचारायचंय. आमच्या फील्डमध्ये अशा उमेदवाराला सिल्वर मेडलिस्ट म्हणतात, पण मेसेज मराठीत जाणार आणि रजिस्टरला कॉलमचं नावही मराठीत हवंय. मी लिहिलेलं असं, “मागील निवड प्रक्रियेत आपण द्वितीय क्रमांकाचे राखीव उमेदवार होता, तत्सम पद रिक्त झाल्याने पुनःसंपर्क साधत आहोत.” वाचून मलाच कसंतरी होतंय. काय बदलू?

कणकवली_क्लार्क
प्रतीक्षा यादी म्हणा की सरळ. आमच्याकडे सरकारी भरतीत हाच शब्द आहे, निवड झालेला हजर झाला नाही की प्रतीक्षा यादीतला पुढचा उचलतात. तयार शब्द असताना नवीन कशाला शोधायचा?

देवरुखची_मास्तरीण
राखीव तर आधी काढून टाका हो! भरतीच्या वाक्यात राखीव आलं की वाचणारा आरक्षणाचाच अर्थ घेतो, ती मुलगी म्हणेल मी तर खुल्यातून अर्ज केलेला. द्वितीय क्रमांक म्हणजे वक्तृत्व स्पर्धेचं सर्टिफिकेट वाटतं. उपविजेतीपण तसंच.

मालवणी_झील
माका वाटता ‘बॅकअप’ लिवा, सगळ्यांका समाजता.

देवरुखची_मास्तरीण
समजतं, म्हणूनच नको. बॅकअप म्हटलं की दुसरं कोणी मिळालं नाही म्हणून तुला फोन केला असंच ऐकू येतं.

दर्याकिनारी
माझ्या बाबतीत झालंय हे. रत्नागिरीत मासळी प्रोसेसिंगच्या एका युनिटमध्ये सुपरवायझरसाठी गेलेलो, शेवटच्या राउंडला राहिलो, “भविष्यात नक्की विचार करू” असा मेल आला. काही महिन्यांनी त्याच ऑफिसातून फोन, आमच्याकडे जागा आहे, तुमचा बायोडेटा पाठवा. म्हणजे मी कोण हे त्यांना ठाऊकच नाही! परत फॉर्म, परत टेस्ट, परत तेच प्रश्न. मी मधेच सोडून दिलं. शब्द कुठलाही वापरा पण आधी आलेला माणूस आहे हे लक्षात ठेवा एवढंच.

जुना_भरतीवाला
दर्याकिनारी यांचं उदाहरण नेमकं या विषयाचं आहे. मी वाशी आणि खेड दोन्हीकडे भरतीत बरीच वर्षं काढलीत, त्यावरून सांगतो.

प्रतीक्षा यादी इथे बसत नाही. ती यादी त्याच जाहिरातीपुरती आणि ठरलेल्या मुदतीपुरती असते, तिच्यातल्या माणसाला आपला नंबर लागणार अशी रास्त अपेक्षा असते. इथे जागा वेगळी, मॅनेजर वेगळा आणि कंपनीने कसलाही शब्द दिलेला नाही. यादी म्हटलंत की ती मुलगी नोकरी झालीच असं धरून चालेल, आणि जमलं नाही तर दुसऱ्यांदा दुखावेल.

दुसरं म्हणजे ‘दुसरी आली’ यातून काहीच कळत नाही. दहा कच्च्या उमेदवारांतली दुसरी आणि दोन पक्क्यांतली दुसरी यात फार फरक. म्हणून आधी जुन्या इंटरव्ह्यूचे शेरे काढा आणि एकच बघा, त्या दिवशी दोन जागा असत्या तर पॅनेलने हिला घेतलं असतं का? शेऱ्यात हो असेल तरच हा खटाटोप करा. मग बघा ती कशावरून राहिली आणि ती गोष्ट या जागेला लागते का. तुमच्याकडे ऑडिटवरून राहिली, शिफ्ट केमिस्टला ते रोज लागत नाही, म्हणजे अडचण गेली. तीच जर एचपीएलसीच्या रीडिंगमध्ये चुकली म्हणून राहिली असती तर या जागेलाही तेच आडवं आलं असतं.

तिसरं, तिला कळवायच्या आधी नवीन मॅनेजरला बसवून विचारा की जुनी लेखी टेस्ट चालेल ना. तो नंतर म्हणाला मला सगळं परत घ्यायचंय तर दर्याकिनारींसारखंच होणार.

लोटे_एचआर
शेऱ्यात “घेण्यासारखी, जागा एक” असं स्पष्ट लिहिलंय. पण सिस्टीमला स्टेटस नुसतं रिजेक्ट आहे, त्यामुळे शोधताना ती आलीच नाही, माझ्या लक्षात होती म्हणून सापडली.

जुना_भरतीवाला
हेच सगळीकडे होतं. चाळणीत गळलेला आणि शेवटच्या दोघांतला, दोघांना एकच शिक्का. म्हणून कॉलमला मी ‘पात्र, जागा भरली’ असं लिहितो. नंबर नको, यादी नको, कारण तेवढं कळतं. आणि शेजारी ‘पुढे कळवलं तर चालेल का’ हे विचारून हो-नाही लिहा. 2023 चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा बघता माहिती कशासाठी ठेवतोय हे माणसाला आधीच सांगितलेलं बरं.

देवरुखची_मास्तरीण
‘पात्र, जागा भरली’ रजिस्टरला छान आहे पण माणसाशी बोलताना कोरडं वाटेल. बोलताना आपण ‘थोडक्यात राहिलात’ म्हणतो ना, तेच लिहा. फक्त डावललं नको, त्यात अन्याय केल्याची कबुली येते. नाकारलं पण नको.

कणकवली_क्लार्क
बरं, यादीचं पटलं. पण मेसेज कशाला, सरळ फोन लावा, माणूस आवाजावरून ओळखतो.

लोटे_एचआर
ती प्लांटमध्ये असते, आत मोबाइल नेता येत नाही. शिवाय आत्ताच्या कंपनीत कोणासमोर फोन आला तर तिचीच पंचाईत. आधी मेसेज, मग तिच्या वेळेला फोन असं करते. हे बघा:

“नमस्कार, ऑगस्टमध्ये तुम्ही आमच्याकडे सिनियर केमिस्टसाठी आला होतात. तेव्हा जागा एकच होती, ऑडिटचा जास्त अनुभव असलेल्यांना घेतलं आणि तुम्ही थोडक्यात राहिलात. तुमचं एचपीएलसीचं काम पॅनेलला आवडलं होतं. आता शिफ्टमध्ये केमिस्टची जागा आहे. लेखी टेस्ट परत नाही, नवीन मॅनेजरना एकदा भेटायचं. रस असेल तर कधी फोन करू ते कळवा, नसेल तर तसं सांगितलंत तरी चालेल.”

जुना_भरतीवाला
चांगलं जमलंय, एक गोष्ट दडलीय. तेव्हाची जागा सिनियरची, ही एक पायरी खालची. ते आणि पगार कुठून कुठपर्यंत हे याच मेसेजमध्ये टाका. भेटीला आल्यावर कळलं तर फसवल्यासारखं वाटतं, आणि मधल्या काळात महाडला तिचा पगार वाढला असेल तर दोघांचाही वेळ जातो. नोटीस पिरियडही आत्ताच विचारा, जुन्या फॉर्मवरचा धरू नका. आणि या वेळी अजून किती जण शर्यतीत आहेत हे तिने विचारलं तर खरं सांगा, परत दुसरी ठरायची भीती तिला असणारच.

देवरुखची_मास्तरीण
‘एक पायरी खालची’ असं लिहू नका पण. ‘पद केमिस्टचं आहे, सिनियरचं नाही’ एवढं पुरे.

मालवणी_झील
आमच्या भाच्यान बीएस्सी केमिस्ट्री केल्यान हा, तेका चालात काय ही जागा?

लोटे_एचआर
दादा, तिचं उत्तर येऊ दे, नाही म्हणाली तर जाहिरात टाकणारच आहे, तेव्हा नक्की पाठवा. पायरीचं आणि पगाराचं घालते मेसेजमध्ये. कॉलमचं अजून अडलंय, ‘पात्र, जागा भरली’ साहेबांना लांब वाटतंय, त्यांना एकच शब्द हवाय.

देवरुखची_मास्तरीण
एका शब्दात हे बसेल असं मला वाटत नाही. ‘पसंत’ लिहून बघा, पण मग घेतलेल्याला काय लिहिणार?