बदललेला चेहरा सपाट दिसतोय: डॉज-बर्न करायचं की फ्रेमच बदलायची?

प्रश्न (लग्नाचे_फोटो): सकाळच्या ग्रुप फोटोत उजेड डावीकडच्या मोठ्या दारातून येतोय. आजींचे डोळे मिटलेत आणि नातवाचा हात त्यांच्या तोंडावर आलाय. म्हणून संध्याकाळच्या, कॅमेऱ्यावरच्या फ्लॅशने काढलेल्या फोटोतला चेहरा बसवला. रंग जुळले, कडा जुळल्या, तरी चेहरा कागद चिकटवल्यासारखा वाटतो. Burn Tool फिरवला तर गालावर राखाडी डाग पडले. डॉज-बर्नने चेहऱ्याला उठाव येईल का?

ब्रशवाला: येईल की. Burn Tool थेट फोटोवर वापरू नका, एवढंच. 50% ग्रेने भरलेला नवा लेयर घ्या, मोड Soft Light ठेवा आणि तो चेहऱ्याच्या लेयरला क्लिप करा, म्हणजे शेजारच्यांना हात लागणार नाही. मोठा मऊ ब्रश, Flow 2-3%. आजींची डावी कानशिलं, गालफडाखालचा खळगा आणि नाकाची बाजू काळ्याने, उजेडाकडची बाजू पांढऱ्याने. अर्ध्या तासाचं काम.

जुना_कॅमेरावाला: माझा याला विरोध आहे. फ्लॅश लेन्सच्या शेजारी असला की सावल्या चेहऱ्याच्या मागे जातात, कॅमेऱ्याला दिसतच नाहीत. मुळात नसलेली सावली ब्रशने काढणं म्हणजे रंगभूषा. सकाळची दुसरी फ्रेम शोधा. आजी हसत नसल्या तरी चालेल, उजेड एक हवा.

कोटवाले_काका: आमच्याकडे वारलेल्या माणसाच्या फोटोला कोट-टाय बसवून द्यायचं काम सारखं येतं. चेहरा सरळ उजळून देतो, गिऱ्हाईक खूश. आजींनाही थोडं गोरं करा, उठून दिसतील.

ब्रशवाला: काका, गोरं करायचं नाहीये, गोल करायचंय. सगळं उजळलं तर आणखी सपाट होईल.

रिटच_ताई: कॅमेरावाल्यांचं म्हणणं निम्मं खरं. गालाच्या वळणावर उजेड हळूहळू कमी होतो, ती छटा ब्रशने येते. नाकाची गालावर पडलेली सावली वेगळी: तिला कड असते आणि ती चुकली की डोळ्याला लगेच खुपते.

आधी राखाडी डागांचं बघू. फ्लॅशने गाल जिथे चमकला तिथे तिन्ही चॅनल 255 ला टेकलेत. तिथे त्वचेचा रंग शिल्लकच नाही, मग गडद केलं की राखाडीच होणार. फाइल रॉ असेल तर तिथे हायलाइट खाली आणा. नसेल तर त्या जागी शेजारच्या कातडीचा रंग Darken मोडमध्ये कमी Opacity ने भरा, मग बर्न.

ब्रशवाल्यांनी सांगितलेली डावी म्हणजे आजींची डावी, फोटोत ती आपल्या उजवीकडे येते; गोंधळू नका. उजेड फोटोत डावीकडून आहे, म्हणजे आपल्याला उजवीकडे दिसणारा गाल गडद हवा. आणि लहान खळग्यांपासून सुरुवात केली की चेहऱ्यावर डाग डाग दिसतात. आधी मोठा उतार. आजींचा मूळ चेहरा खालच्या लेयरवर आहेच. हात तोंडावर आहे, पण कपाळ नि गाल दिसत असतील. आयड्रॉपरचा नमुना 11 बाय 11 ठेवून मोजा. समजा मूळ कपाळ उजेडाकडे 190 आणि पलीकडचा गाल 125 आहे, आणि फ्लॅशच्या चेहऱ्यात दोन्ही 180 च्या आसपास. मग एकच Curves लेयर, मास्कवर आडवा ग्रेडियंट, पलीकडचा गाल 130 पर्यंत. एवढ्यानेच निम्मा चेहरा वळतो. त्यानंतर ब्रशवाल्यांचा ग्रे लेयर, पण हलक्या हाताने.

बर्नने कातडी तांबूस होते, तसं दिसलं तर वर Hue/Saturation लावून थोडं कमी करा. तपासायला चेहरा आणि शेजारी दोघांची प्रत 20 पिक्सेलने ब्लर करून बघा: काळे-पांढरे गोळे सारखे बसले पाहिजेत.

जुना_कॅमेरावाला: मग एवढा मूळ चेहरा दिसतोय तर अख्खा चेहरा कशाला आणता? फक्त डोळे आणा!

रिटच_ताई: हे मात्र पटलं. मान तेवढीच वळलेली असेल तर तोच उत्तम मार्ग. पण तोंड हाताखाली गेलंय ना.

लग्नाचे_फोटो: मान जवळपास सारखीच आहे, म्हणून डोळे आणि ओठ वेगवेगळे आणून पाहिले. डोळे बसले, पण ओठांभोवती पुन्हा तेच सपाटपण. तिथे ग्रेडियंट आणि खालच्या ओठाखाली थोडं बर्न केलं, आता बरं आहे. अडलंय ते डोळ्यांतल्या चमकेपाशी: फ्लॅशचा ठिपका बुबुळाच्या मधोमध आहे, इतरांची चमक डावीकडे वर.

ब्रशवाला: क्लोनने मधला ठिपका पुसा, शेजाऱ्याच्या डोळ्यातली चमक आणून लावा.

जुना_कॅमेरावाला: म्हणजे आता डोळ्यातला प्रकाशही शेजाऱ्याचा. मी तर फक्त पुसून सोडला असता.

रिटच_ताई: पूर्ण पुसलात तर आजींचे डोळे विझल्यासारखे दिसतील. तोच ठिपका उचलून डावीकडे वर सरकवा. आणि चष्मा आहे का हो त्यांना? काचेवरही फ्लॅश असणार.

लग्नाचे_फोटो: आहे. सकाळच्या फोटोत होता, संध्याकाळी काढला होता.