ओजसचं ताट (सोसायटी ग्रुप, रत्नागिरी, जुलै)

सायली, बी-204: मानसीताई, एक विचारू का? ग्रुपवरच विचारते, म्हणजे बाकीच्यांनाही उपयोग होईल. ओजस आता आठ वर्षांचा आहे. मी महिनाभर मोबाईलवर त्याच्या कॅलरी मोजतेय. भात वाटीने मोजायचा, घावणे नगावर, आमटी अंदाजाने. काल त्याने जेवताना विचारलं, "आई, या घावण्यात किती कॅलरी आहेत? जास्त झाल्या तर?" मी गप्पच झाले.

नीलेश, बी-204: मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. आमच्या वाटणाची कॅलरी त्या अॅपला काय कळणार! 😄

शुभदाकाकू, ए-103: अगो, आठ वर्षांच्या पोराचं काय मोजायचं? भूक लागली की जेवतो ना?

मानसीताई, सी-101: काकू, तुमचं बरोबर आहे, पण अर्धंच. किती खायचं ते पोराला कळतं. काय वाढायचं ते आपल्याला बघायला हवं. सायली, ते अॅप आजच काढून टाक. घरच्या आमटीत नारळ किती, तेल किती याचा आकडा मुळात अंदाजाचाच, आणि त्या अंदाजावर पोराच्या मनात अन्नाची भीती बसायला नको. त्यापेक्षा ताट बघ. निम्म्या ताटात भाजी आणि फळ, पाव ताटात भात, भाकरी किंवा चपाती, उरलेल्या पावात डाळ, उसळ, मासा किंवा अंडं. दूध-दही बाजूला. मोजमाप एवढंच.

सायली: हो, शाळेच्या मीटिंगमध्ये असं चित्र दाखवलं होतं. पण आपल्याकडे कुठे सगळं वेगवेगळं वाढतात? ओजस भातावर आमटी ओततो, कालवतो आणि संपवतो. त्यात पाव कुठला नि निम्मं कुठलं?

मानसीताई: म्हणून एकेक जेवण बघू नकोस, अख्खा दिवस बघ. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने हे आखलंय त्याचं नावच 'माय प्लेट फॉर द डे' आहे. सकाळच्या घावण्याशेजारी भाजीचा ढीग हवा असं काही नाही. झोपताना दिवसभराचं सगळं एका ताटात आहे असं डोळ्यांपुढे आणायचं. काल त्याने काय काय खाल्लं ते वेळेसकट लिही. मोजू नकोस.

सायली: लिहिते.
सकाळी 8: दोन घावणे, खोबऱ्याची चटणी, थोडा चहा.
10: शाळेत जायच्या आधी वरण-भात, बटाट्याच्या काचऱ्या, पापड.
दुपारी 1.30 डबा: चपाती आणि बटाट्याची भाजी.
5.30: बिस्किटं, मोठा पेला दूध चॉकलेट पावडर घालून.
रात्री 8.30: भात, कुळथाची पिठी, चिमूटभर सुका जवळा. ताजी मासळी बंद आहे ना.

मानसीताई: प्रामाणिक लिहिलंस. आता कागदावर एक गोल काढ आणि यातलं एकेक उचलून ठेव. धान्याच्या पावात काय जातं? घावणे, भात, चपाती, बिस्किटं, पुन्हा भात. आणि बटाटाही तिथेच.

प्रमोदकाका, ए-301: बटाटा भाजी नाही??

मानसीताई: भाजी म्हणून करतो, काका, पण पोटात तो भाताच्या बाजूला जातो. दोन्ही पिठूळच. कांदेपोह्यात बटाटा घातला तरी ताटाच्या हिशोबात ते धान्यावर धान्य. म्हणजे ओजसच्या कालच्या दिवसात पाव ताटाचा भाग पाच वेळा भरला, वर दोनदा बटाटा. भाजी-फळाच्या निम्म्या भागात काय आहे? काहीच नाही.

शुभदाकाकू: आणि चटणी? ओल्या नारळाची होती ना?

मानसीताई: काकू, नारळाचा प्रश्न मला रत्नागिरीत रोज येतो. 😊 नारळ ना भाजी, ना डाळ. तो तेल-तुपाच्या खात्यात. वाईट नाही, वाढत्या मुलाला तेल-तूप लागतंच. पण चटणीत नारळ, आमटीत नारळ, भाजीवर नारळ झाला की तुपाचं खातं आधीच भरलेलं असतं. आणि सोलकढी दुधाच्या जागी चालत नाही, ते नारळाचं दूध आहे.

सायली: डाळीचा पाव तरी भरला असेल ना? वरण होतं, पिठी होती.

मानसीताई: इथेच बहुतेक घरं फसतात. आज वरण केलंस की एक पळी कोरड्या ताटलीत ओत, भात न घालता. पसरून कडेला गेलं आणि ताटलीचं तळ दिसलं, तर ते पाणी जास्त, डाळ कमी. जाग्यावर थोडं उभं राहिलं तर डाळ आहे. पिठीचंही तसंच. चार जणांच्या पिठीत कुळथाचं पीठ किती घालतेस?

सायली: दोन मोठे चमचे... तीन असतील.

मानसीताई: म्हणजे ओजसच्या वाट्याला अर्धा-पाऊण चमचा. चवीला छान, पावसात तर हवीच, पण तिला डाळीचा पाव धरू नकोस. वरणाचं वरचं पाणी वाढायचं नाही, पळी तळापर्यंत घालून वाढायचं. फरक फक्त तेवढा.

(सायलीने ताटलीचा फोटो टाकला.)

सायली: ताई, वाहून गेलं. 🙈

नीलेश: मी इतकी वर्षं तेच खातोय.

मानसीताई: आता उद्याचा दिवस. नवीन पदार्थ एकही नाही, जागा फक्त बदलायच्या. तुझ्याकडे काळे वाटाणे आहेत का?

सायली: आहेत.

मानसीताई: आत्ता रात्री भिजत घाल. सकाळी एकच घावणा, सोबत अंडं आणि केळं. चहा नको, जेवणाबरोबर चहा घेतला की डाळी-पाल्यातलं लोह अंगी लागायला अडथळा येतो. दहाला भात रोजच्यापेक्षा एक पळी कमी, वरण तळातून, आणि काचऱ्यांऐवजी पडवळाची नाहीतर भेंडीची भाजी. लिंबाची फोड दे, त्याने उलट लोह अंगी लागायला मदत होते. डब्यात चपाती, वाटाण्याची सुकी उसळ आणि काकडीच्या फोडी. साडेपाचला पेरू आणि अर्धा पेला दूध, पावडर न घालता. मोठा पेला प्यायला की पोट फुगतं आणि साडेआठला जेवायला पोर नाही म्हणतं. तेव्हा आपण ओरडतो, चूक मात्र दुधाच्या वेळेची. रात्री भात, पिठी हवी तर पिठी, आणि लाल माठाची भाजी.

सायली: आणि जवळा?

मानसीताई: चालेल. 31 जुलैपर्यंत मासेमारी बंद, तोवर सुक्यावरच. पण मीठ खूप असतं, धुऊन घे आणि थोडाच दे. अंडं आहेच. ऑगस्टात ताजी तारली, बांगडा आला की डाळीचा पाव सहज भरेल, फक्त काटे तू काढून दे.

रुपाली, बी-302: ताई, आमची मनू चौदा महिन्यांची आहे. तिलाही निम्मी भाजी?

मानसीताई: नाही हं रुपाली. दोन वर्षांखालच्यांना हे ताट लावायचं नाही. पोट इवलंसं असतं, ते भाजीने भरलं की हवी ती ताकद मिळत नाही. तिला मऊभात, घट्ट वरण, तूप, अंडं, कुस्करलेली भाजी थोडी थोडी, दिवसात बऱ्याच वेळा. आणि कोणाचं मूल डॉक्टरांच्या औषधावर असेल, वजन वाढत नसेल किंवा अचानक घटलं असेल तर ग्रुपवरच्या ताटावर विसंबू नका, दवाखान्यात दाखवा.

प्रमोदकाका: मग भूक नाही भागली आणि भात मागितला तर द्यायचा ना? आम्ही पावसात फुटबॉल खेळून आलो की तीन वेळा भात घ्यायचो.

मानसीताई: द्यायचाच, काका. ताट कसं वाढायचं ते आपलं, किती खायचं ते त्याचं. ओजससाठी सात-आठ इंची ताटली घ्या, आपल्या मोठ्या ताटात निम्मं म्हणजे आठ वर्षांच्या मुलाला डोंगर वाटतो. मागितलं की परत वाढा. हे बरोबर चाललंय का ते ताटावरून नाही, उंची-वजनावरून कळतं. दर तीन-चार महिन्यांनी मोजून डॉक्टरांच्या तक्त्यावर टिंब मांडा. रेघ आपल्या वाटेने वर जातेय ना, बस्स.

शुभदाकाकू: आणि माठ नाही म्हटला तर? आमचा नातू माठ बघितला की तोंड शिवतो.

मानसीताई: मग निम्मं ताट विसरा, काकू. एक चमचा वाढा, जबरदस्ती नाही, "खाल्लंस तर चॉकलेट" नाही. राहिला तर राहिला. तीन-चार दिवसांनी पुन्हा एक चमचा. दहा-पंधरा वेळा समोर यावं लागतं, आणि आपण दुसऱ्याच वेळी म्हणतो, याला माठ आवडत नाही. मुलाच्या शेजारी बसून तुम्ही खा. त्याच्याकडे न बघता.

---

*पुढच्या दिवशी, संध्याकाळी 5.50*

सायली: हिशोब देते. केळं खाल्लं, अंडं अर्धं. भेंडी खाल्ली, भात मागून घेतला, मी दिला. उसळ संपली, म्हणतो मित्राने पण खाल्ली. काकडी सगळीच्या सगळी परत आली. डबा उघडला तर खाली पाणी, चपाती भिजून लगदा.

मानसीताई: काकडीला मीठ लावलंस का?

सायली: हो, थोडं. बेचव लागेल म्हणून.

मानसीताई: तेच. मिठाने पाणी सुटतं, त्यात तीन तास डब्यात. उद्या मीठ न लावता बोटाएवढ्या लांब फोडी कर, धुतल्यावर पुसून घे आणि वेगळ्या छोट्या डबीत दे. तीन-चारच. हवं तर मीठ-तिखट कागदाच्या पुडीत.

शुभदाकाकू: चपातीचं काय केलंस मग, टाकलीस?

सायली: नाही काकू, नीलेशच्या चहाबरोबर.

नीलेश: मला कोणी विचारलंही नाही.