आभाराच्या टिपेत "उत्तरं गुप्त राहतील" लिहावं का?

कोरी पाटी
कामाचा ताण आणि रजा या विषयावर एका संस्थेतल्या कर्मचाऱ्यांची ऑनलाइन प्रश्नावली घ्यायची आहे. एकूण २१४ जण. नाव विचारत नाही. विभाग (६), नोकरीची वर्षं (४ गट), लिंग (३ पर्याय), मग ताणाचे प्रश्न आणि शेवटी दोन मोकळे प्रश्न. प्रबंधाशिवाय एक सारांश व्यवस्थापनालाही द्यायचा आहे, परवानगी त्याच अटीवर मिळाली. शेवटच्या पानाचा मसुदा असा:

"आपल्या अमूल्य सहकार्याबद्दल मनःपूर्वक आभार. आपली उत्तरे पूर्णतः गुप्त राहतील व केवळ शैक्षणिक कारणासाठी वापरली जातील. आपल्या उत्तरांमुळे कर्मचारी धोरणात नक्कीच सुधारणा होईल."

मार्गदर्शक म्हणतात, टीप प्रामाणिक नाही. सोबतचे म्हणतात, लोकांना उगाच घाबरवू नकोस. नक्की काय बदलू?

तक्तेवाला
पहिलं वाक्य ठेवा, त्यातलं "अमूल्य" काढलंत तरी चालेल. बाकी दोन्ही वाक्यं आज आहेत तशी खोटी आहेत.

"केवळ शैक्षणिक" हे सारांश व्यवस्थापनाकडे जाणार म्हटल्यावरच संपलं. उत्तर देणाऱ्याच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा वाचक तोच आहे आणि मसुद्यात नेमका तोच गायब आहे. "पूर्णतः गुप्त" म्हणजे कुणालाच कळणार नाही. पण मोकळ्या उत्तरांतली वाक्यं तुम्ही प्रबंधात अवतरणात देणारच असाल. ती छापली जाणार, फक्त कुणाची ते सांगितलं जाणार नाही, असं तुम्हाला म्हणायचं आहे. मग तसंच लिहा.

आता नाव न विचारण्याबद्दल. ६ विभाग, ४ गट, ३ पर्याय यांचे ७२ खण होतात. सगळ्या २१४ जणांनी भरलं तरी एका खणात सरासरी तीनच माणसं. प्रत्यक्षात माणसं सारखी वाटली जात नाहीत. मोठ्या विभागाच्या एका खणात वीस जण असतील आणि कित्येक खणांत एकच. "लेखा विभाग, वीस वर्षांहून जास्त नोकरी, स्त्री" एवढं वाचून संस्थेतला कुणीही नाव सांगेल.

उंटावरचा शहाणा
एवढा बाऊ कशाला? नाव नाही, ईमेल नाही, म्हणजे निनावी. विषय संपला. आणि आभाराची टीप म्हणजे संमतीपत्र नव्हे. शेवटचं पान वाचतो कोण? कुणाकडे काय जाणार हे पहिल्या पानावर लिहा. शेवटी "आभारी आहोत", दोन शब्द. माणसाने सगळं भरून पाठवल्यावर त्याला "तुमचा साहेब सारांश वाचणार आहे" सांगणं हा प्रामाणिकपणा नाही, दगा आहे.

तक्तेवाला
शेवटचं वाक्य शंभर टक्के मान्य. ज्याने भरायचं की नाही हा निर्णय बदलेल ते सगळं पहिल्या पानावरच हवं. शेवटच्या टिपेत नवी बातमी नको, पहिल्या पानावरचंच कमी शब्दांत परत यावं. टीप तपासायची सोपी रीत अशी: तिच्यातलं प्रत्येक वाक्य पहिल्या पानावर शोधायचं. सापडलं नाही तर टीप छाटू नका, पहिलं पान दुरुस्त करा.

पण "नाव नाही म्हणजे निनावी" हे चूक आहे. २००६ साली एओएल या अमेरिकी इंटरनेट कंपनीने सुमारे साडेसहा लाख वापरकर्त्यांनी इंटरनेटवर काय काय शोधलं ते खुलं केलं होतं. नावांच्या जागी आकडे घातले होते. लोकांनी स्वतः टाइप केलेल्या मजकुरावरूनच पत्रकारांनी एका बाईंना शोधून काढलं. मोकळ्या प्रश्नाचं उत्तर म्हणजे तसाच मजकूर. "दोन बाळंतपणांच्या रजा नाकारल्या" या वाक्याला सहीची गरज नसते.

मोगरा
माझ्या मते सहभागींची नावं देऊन आभार मानणंच जास्त प्रामाणिक. माझ्याही प्रबंधात १२ मुलाखती आहेत. ऋणनिर्देशात सगळ्यांची नावं देणार आहे, नाहीतर ते कृतघ्नपणाचं वाटतं.

नीरक्षीर
मोगरा, इथे प्रश्न ऋणनिर्देशाचा नाही, प्रश्नावलीच्या शेवटच्या पानाचा आहे. पण तुम्ही लिहिलंत म्हणून सांगतो: मुलाखतींतली वाक्यं "सहभागी ४" अशी देणार असाल तर बाराही नावं छापू नका. बारांतून एक ओळखणं वाचकाला दहा मिनिटांचं काम आहे. नाव छापायचंच असेल तर प्रत्येकाला वेगळं विचारा, आणि एकानेही नको म्हटलं तर पूर्ण यादीच वगळा. अकरा नावं छापली की बारावं आपोआप कळतं.

मोगरा
अरेच्चा, हे लक्षातच आलं नव्हतं. धन्यवाद.

कोरी पाटी
म्हणजे टिपेत "दहापेक्षा लहान गटाचे आकडे कुणालाही देणार नाही" असं लिहिलं तर खरं ठरेल ना?

तक्तेवाला
लिहा, पण मग ते पाळायला वजाबाकीकडेही लक्ष ठेवावं लागेल. नेमकं इथेच घसरतात.

समजा एका विभागात १४ जण, ११ पुरुष आणि ३ स्त्रिया. ताणाचा एक प्रश्न, १ ते ५ गुण. तीन जणी म्हणून त्यांचा आकडा तुम्ही झाकला, पण विभागाची सरासरी ३.० आणि पुरुषांची २.७३ छापली. विभागाची बेरीज १४ गुणिले ३, म्हणजे ४२. पुरुषांची ११ गुणिले २.७३, म्हणजे ३०. उरले १२, तिघींत ४. झाकलेला आकडा व्यवस्थापनाला कॅल्सीवर मिळाला. म्हणून एक खण झाकला की त्याच ओळीतला दुसराही झाकायचा, किंवा त्या विभागाची स्त्री-पुरुष फोड द्यायचीच नाही. मी दुसरंच सुचवेन, चुकायची शक्यता कमी.

त्याहून बरं म्हणजे नोकरीची वर्षं चार गटांऐवजी दोनच गटांत विचारा. जे विचारलंच नाही ते सांभाळावंही लागत नाही.

नीरक्षीर
तीन गोष्टी माझ्याकडून.

बऱ्याच प्रणालींत "पुढे" दाबलं की त्या पानावरची उत्तरं साठवली जातात. अर्ध्यावर सोडून गेलेल्याला तुमची आभाराची टीप कधी दिसतच नाही, उत्तरं मात्र तुमच्याकडे राहतात. स्वतः अर्धा फॉर्म भरून खिडकी बंद करा आणि उत्तरांच्या तक्त्यात ओळ आली का पाहा. आली असेल तर त्या अर्ध्या उत्तरांचं काय करणार हेही पहिल्या पानावर हवं.

दुसरं, सारांश हवा असणाऱ्यांचा ईमेल त्याच फॉर्मात घेऊ नका. वेगळा फॉर्म करा, त्याची लिंक टिपेत द्या. पण तेवढ्याने भागत नाही. दोन्ही फॉर्मांत वेळ नोंदली जाते. उत्तरं ११:४२ ला आणि ईमेल ११:४३ ला आला, तर जोडी लागली. वेळेची नोंद बंद करता येत असेल तर करा, नसेल तर उतरवून घेतल्याबरोबर तो रकाना काढा आणि ओळींचा क्रम पिसून टाका. नुसता रकाना काढून क्रम तसाच ठेवला तर दोन याद्या शेजारी ठेवून अंदाज बांधता येतो.

तिसरं, "कधीही माघार घेऊ शकता" असं लिहू नका. नाव नसलेल्या फॉर्मातून एखाद्याचं उत्तर तुम्ही कसं शोधणार? एक तर सहभागीला स्वतःचा सांकेतिक शब्द लिहायला सांगा आणि अमुक तारखेपर्यंत तो कळवला तर उत्तर काढू असं सांगा. नाहीतर "पाठवल्यावर तुमचं उत्तर कोणतं हे आम्हालाही ओळखता येणार नाही, म्हणून काढता येणार नाही" हे सबमिट बटणाच्या वर लिहा. खाली लिहून उपयोग शून्य.

उंटावरचा शहाणा
ठीक, वजाबाकीचं मान्य. पण एवढं सगळं वाचून ताणाखालचा माणूस खरं लिहील? "तुमचं वाक्य छापलं जाऊ शकतं" म्हटलं की मोकळे प्रश्न कोरे येतील. मग प्रामाणिक टीप आणि निकामी डेटा.

तक्तेवाला
काही कोरे येतील, खरं आहे. त्यावर तोडगा असा की परवानगी टिपेत न ठेवता मोकळ्या प्रश्नाच्या खालीच ठेवायची: "हे उत्तर नाव न देता शब्दशः छापलं तरी चालेल." चौकट आधीपासून टिचकी मारलेली नको. टिचकी नसेल तर ते उत्तर मोजणीत आणि आशय सांगताना वापरा, अवतरणात नाही. टिचकी असली तरी पद, आजार, तारखा, लकबीचे शब्द तपासून काढा.

आणि "धोरणात नक्कीच सुधारणा होईल" हे पुसाच. धोरण तुमच्या हातात नाही. सहा महिन्यांनी काही बदललं नाही की पुढची प्रश्नावली कुणी भरणार नाही.

माझा मसुदा:

"वेळ काढून उत्तरं दिलीत, आभार. ही उत्तरं माझ्या प्रबंधासाठी वापरली जातील. एकत्रित आकड्यांचा सारांश संस्थेच्या व्यवस्थापनालाही दिला जाईल. तुमचा भरलेला फॉर्म त्यांना दिला जाणार नाही आणि दहापेक्षा कमी माणसांच्या गटाचे आकडे दाखवले जाणार नाहीत. मोकळ्या उत्तरांतली वाक्यं तुम्ही परवानगी दिली असेल तरच नाव न देता छापली जातील. या सर्वेक्षणामुळे नियम बदलतीलच असं मी सांगू शकत नाही. सारांश हवा असल्यास खालच्या वेगळ्या फॉर्मात ईमेल द्या. तो उत्तरांशी जोडला जाणार नाही."

नीरक्षीर
चांगला आहे. "तुमचा भरलेला फॉर्म त्यांना दिला जाणार नाही" हे मात्र कोरी पाटींनी परवानगीचं पत्र पुन्हा वाचून मगच ठेवावं. काही संस्था परवानगी देताना कच्चा डेटाही मागतात.

उंटावरचा शहाणा
"नियम बदलतीलच असं मी सांगू शकत नाही" हे शेवटी कशाला? निरोप देताना तोंड कडू करायचं. मी ते गाळेन. खोटं आश्वासन नाही दिलं म्हणजे पुरे.

तक्तेवाला
रजेबद्दल विचारलं की लोक रजा मिळेल असं धरूनच चालतात. गप्प राहणं हेही आश्वासनच वाटतं. यावर आपलं जुळणार नाही असं दिसतं.

कोरी पाटी
पत्र काढून पाहिलं. त्यात "संकलित माहिती संस्थेस उपलब्ध करून द्यावी" असं आहे. "संकलित" म्हणजे एकत्रित आकडे की सगळे फॉर्म, हे त्यातून कळत नाही. लेखी विचारते आहे. उत्तर येईपर्यंत लिंक पाठवत नाही. नोकरीच्या वर्षांचे गट दोन केले, मोकळ्या प्रश्नांखाली चौकट टाकली. कडू वाक्याचं अजून ठरत नाही.