एकाच पावसाचे चार संदेश

"माझा प्रोग्रॅम दर तासाला पावसाचा अंदाज तपासून इशारा पाठवतो, पण गगनबावड्याच्या शेतकऱ्यांना एकाच पावसाचे चार-चार संदेश जातात. काय करावे?"

इशारा देण्याची आणि मागे घेण्याची मर्यादा एकच ठेवल्यामुळे हे होते. हवामान खात्याची मुसळधार पावसाची ६४.५ मिमी ही मर्यादा धरली आणि उद्याचा अंदाज तासागणिक ६६, ६२, ६५ असा हलला, तर प्रोग्रॅमच्या लेखी ती दोनदा ओलांडली जाते. म्हणून इशारा ६४.५ ला द्यावा, पण मागे घ्यावा तो ५० च्या खाली आल्यावरच. आणि इशारा चालू आहे की नाही, ही स्थिती तालुका व पावसाची तारीख (तपासणीची नव्हे) या जोडीने फाईलमध्ये साठवावी, म्हणजे प्रोग्रॅम पुन्हा सुरू झाला तरी संदेश दुबार जाणार नाही. अंदाजाच्या स्रोताकडून उत्तरच आले नाही, तर मात्र त्याला शून्य पाऊस समजू नये. अन्यथा इशारा उगाच मागे घेतला जातो आणि पुढच्याच तासाला नवा संदेश सुटतो.